नऊ ते सव्वानऊ : प्री-ओपनमधला भाव काय सांगतो आणि काय सांगत नाही

राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) आणि मुंबई शेअर बाजार (बीएसई) यांच्या रोख विभागात नेहमीचे व्यवहार सकाळी ९.१५ वाजता सुरू होतात. त्याआधी पंधरा मिनिटांचे प्री-ओपन सत्र असते. सेबीच्या आदेशानुसार १८ ऑक्टोबर २०१० रोजी ते निफ्टी आणि सेन्सेक्स या निर्देशांकांतील शेअर्ससाठी सुरू झाले आणि २०१३ मध्ये इतर शेअर्सनाही लागू झाले. रात्रभरात जगात काय घडले, कंपनीने काय जाहीर केले, याचा पहिला झटका सुरुवातीच्या सुट्या सुट्या सौद्यांवर बसू नये, सगळ्या ऑर्डरी एकत्र करून एकच भाव काढावा, हा त्यामागचा हेतू होता. हा एक छोटा लिलावच आहे. तो चालू असताना पडद्यावर प्रत्येक शेअरचा सूचक भाव दिसत राहतो. बाजार आज किती वर किंवा किती खाली उघडणार, म्हणजे ‘गॅप’ किती, याचा अंदाज बहुतेक लोक त्यावरून बांधतात. आकडा खराच असतो, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न अनेकांच्या लक्षात येत नाही. गैरसमजांचे मूळ तिथेच आहे.

सत्राचे तीन टप्पे आहेत. ९.०० ते ९.०८ या वेळेत ऑर्डर टाकता येते, बदलता येते आणि रद्दही करता येते. हे दार बरोबर ९.०८ ला बंद होईलच असे नाही. शेवटच्या मिनिटात, म्हणजे ९.०७ ते ९.०८ दरम्यान, संगणक ठरवील त्या क्षणी ते मिटते. त्यानंतर ९.१२ पर्यंत भाव ठरवून सौदे जुळवले जातात. उरलेली तीन मिनिटे नियमित सत्राकडे वळण्यासाठी मोकळी ठेवलेली असतात.

गैरसमज : ९.०२ ला दिसणारा भाव म्हणजे शेअर त्या भावाला उघडणार

एनएसईच्या संकेतस्थळावर प्री-ओपनच्या तक्त्यात IEP नावाचा रकाना असतो. त्यातला आकडा म्हणजे त्या क्षणापर्यंत आलेल्या ऑर्डरींवरून काढलेला समतोल भाव. लिलाव आत्ता, याच सेकंदाला थांबवला तर सौदे कोणत्या भावाला होतील, एवढेच तो सांगतो. पुढच्या पाच मिनिटांत कोण येईल आणि कोण निघून जाईल, याबद्दल त्यात काहीही नसते.

समतोल भाव काढण्याचा नियम सोपा आहे. ज्या भावाला सर्वाधिक शेअर्सची देवघेव होऊ शकते, तो समतोल भाव. दोन भावांना सारखीच देवघेव होत असेल, तर ज्या भावाला न जुळलेली संख्या कमी राहते तो घेतला जातो. तिथेही बरोबरी झाली, तर कालच्या बंद भावाला जवळचा भाव निवडतात.

एका काल्पनिक शेअरचे उदाहरण घेऊ. कालचा बंद भाव ५०० रुपये. सकाळी ९.०४ ला खरेदीच्या ऑर्डरी अशा आहेत : ५१० ला ६,०००, ५०६ ला ३,०००, ५०४ ला ४,०००, ५०२ ला ५,००० आणि ५०० ला ६,००० शेअर्स. विक्रीच्या बाजूला ४९८ ला ५,०००, ५०२ ला ४,०००, ५०४ ला ३,०००, ५०६ ला ५,००० आणि ५०८ ला ६,००० शेअर्स आहेत. आता एकेक भाव घेऊन दोन्ही बाजू मोजायच्या. जो ५१० द्यायला तयार आहे तो ५०४ लाही घेणारच, म्हणून खरेदीची बेरीज वरून खाली वाढत जाते. जो ४९८ ला विकायला तयार आहे त्याला ५०४ मिळाले तर हवेच आहेत, म्हणून विक्रीची बेरीज खालून वर वाढते.

| भाव (रु.) | घेण्यास तयार शेअर्स | विकण्यास तयार शेअर्स | जुळणारे शेअर्स |
|---|---|---|---|
| ५०० | २४,००० | ५,००० | ५,००० |
| ५०२ | १८,००० | ९,००० | ९,००० |
| ५०४ | १३,००० | १२,००० | १२,००० |
| ५०६ | ९,००० | १७,००० | ९,००० |
| ५०८ | ६,००० | २३,००० | ६,००० |

सर्वाधिक शेअर्स ५०४ ला जुळतात. म्हणून सूचक भाव ५०४ आणि गॅप ०.८ टक्के वर. सौदे झाले तर सगळे याच एका भावाला होतील. ज्याने ५१० ची ऑर्डर टाकली आहे तोही ५०४ रुपयेच देईल आणि ज्याने ४९८ मागितले होते त्यालाही ५०४ मिळतील. लिलावात ‘आपण लावलेला भाव द्यावा लागतो’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. लावलेला भाव ही फक्त मर्यादा असते.

आता ९.०६ ला ५१० वाल्याने आपली ६,००० शेअर्सची ऑर्डर रद्द केली, असे समजा. बाकी काहीच बदललेले नाही. ५०४ ला आता ७,००० शेअर्स घेण्यास तयार माणसे उरली, त्यामुळे तिथे ७,००० च जुळतील. ५०२ ला मात्र घेणारे १२,००० आणि विकणारे ९,०००, म्हणजे ९,००० जुळतील. सूचक भाव लगेच ५०२ वर येतो आणि गॅप ०.८ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर उतरते. कंपनीत काही घडलेले नाही, बाजाराचे मतही बदललेले नाही. एक ऑर्डर गेली आणि अर्धी गॅप तिच्याबरोबर गेली.

ऑर्डर टाकून काढून घेता येते, हे या सत्राचे सर्वांत नाजूक अंग आहे. ५१० ची ऑर्डर खऱ्या गरजेपोटी आलेली असू शकते, किंवा भाव वर दिसावा आणि ते पाहून दुसऱ्यांनी चढ्या भावाला बोली लावावी, एवढ्यासाठीही आलेली असू शकते. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. शेवटच्या मिनिटातल्या अनिश्चित बंदचे कारण हेच आहे. दार कोणत्या सेकंदाला मिटेल हे माहीत नसेल, तर अगदी शेवटच्या क्षणी ऑर्डर काढून घेण्याचा डाव अंगाशी येऊ शकतो. नव्याने नोंदणी होणाऱ्या शेअर्सच्या लिलावात हा प्रकार ठळकपणे दिसला होता. तिथे ऑर्डर टाकण्याची मुदत पाऊण तासाची असते. चढ्या भावाच्या मोठ्या ऑर्डरी मुदत संपता संपता रद्द होत असल्याचे आढळल्यावर सेबीने २०२४ मध्ये तिथला अनिश्चित बंदचा काळ वाढवून ३५ व्या ते ४५ व्या मिनिटापर्यंत नेला.

यातून वाचण्याची एक पद्धत मिळते. सूचक भावाशेजारी जुळू शकणाऱ्या शेअर्सची संख्या दिसते, ती भावाइतकीच महत्त्वाची आहे. ९.०१ ला भाव दोन टक्के वर आणि जुळणारी संख्या काहीशे शेअर्सची असेल, तर तो भाव दोन-चार जणांचा आहे. संख्या मिनिटागणिक वाढत गेली आणि भाव फारसा हलला नाही, तर त्या भावावर अनेकांचे एकमत होत आहे. संख्या वाढताना भाव कालच्या बंद भावाकडे सरकत असेल, तर सुरुवातीची गॅप थोड्याच ऑर्डरींवर उभी होती. ९.०६ च्या सुमारास संख्या अचानक घटली, तर मोठी ऑर्डर परत गेली आहे. म्हणून एकाच वेळी एक आकडा पाहण्यापेक्षा ९.०२, ९.०५ आणि ९.०७ ला भाव आणि संख्या असे दोन्ही टिपून ठेवणे जास्त उपयोगाचे. अंतिम भाव मात्र दार मिटल्यावरच पाहायचा. तोवरच्या सगळ्या आकड्यांना ‘सूचक’ म्हणतात ते उगाच नाही.

गैरसमज : खरेदीच्या ऑर्डरी जास्त असल्या की गॅप-अप ठरलेलीच

तक्त्यात खरेदीची आणि विक्रीची एकूण संख्याही दिसते, आणि तिच्यावरून निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. वरच्याच उदाहरणात ५१० ची ऑर्डर गेल्यावर खरेदीला एकूण १८,००० शेअर्स उरतात, तर विक्रीला २३,०००. विकणारे जास्त, तरीही शेअर ५०२ ला, म्हणजे वर उघडतो. उलट कोणी ४७० ला ५०,००० शेअर्सची खरेदी लावली, तर एकूण खरेदी एकदम ६८,००० वर जाईल आणि भाव एका पैशानेही हलणार नाही, कारण ४७० ला विकणारा कोणीच नाही. किती ऑर्डरी आहेत यापेक्षा त्या कोणत्या भावाला आहेत, यावर सगळे ठरते. बेरजेच्या रकान्याकडे पाहिलेच नाही, तरी फारसे बिघडत नाही.

गैरसमज : ९.०१ चा निफ्टी म्हणजे बाजाराचा कौल

या सत्रात निर्देशांकाचाही सूचक आकडा दाखवला जातो. निफ्टीसाठी वेगळा लिलाव होत नाही. पन्नास कंपन्यांच्या सूचक भावांना निर्देशांकातल्या त्यांच्या वजनाप्रमाणे एकत्र करून तो आकडा बनतो. ज्या कंपनीत अजून एकही सौदा जुळण्यासारखा नाही, तिचा कालचाच बंद भाव धरला जातो. त्यामुळे पहिल्या मिनिटातला निफ्टी अर्धा आजचा आणि अर्धा कालचा असतो. रात्री मोठी बातमी आलेली असेल आणि निफ्टी ९.०१ ला जेमतेम हललेला दिसला, तर बाजाराने बातमी पचवली असे समजण्यात घाई होते. एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय बँक यांसारख्या जड कंपन्यांत पुरेशी संख्या जुळायला लागली आहे का, हे आधी पाहावे लागते. या दोन-चार कंपन्यांनी अजून भाव दाखवला नसेल, तर निर्देशांकाचा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

सेन्सेक्सच्या बाबतीत आणखी काळजी हवी. बीएसईच्या रोख विभागातील उलाढाल एनएसईच्या मानाने बरीच कमी आहे, त्यामुळे तिथल्या प्री-ओपनमध्ये ऑर्डरी पातळ असतात. त्याच कंपनीचा सूचक भाव दोन्हीकडे वेगळा दिसू शकतो, आणि पातळ बाजूचा भाव एखाद्या भलत्याच ऑर्डरीने कुठल्या कुठे जातो. प्री-ओपनमध्ये सेन्सेक्स हजारो अंकांनी उडाल्याच्या बातम्या येतात आणि ९.१५ ला तितकी गॅप सापडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. दोन्ही निर्देशांक टक्केवारीत एकमेकांपासून बरेच दूर असतील, तर निफ्टीच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवावा.

गैरसमज : गिफ्ट निफ्टी दीडशे अंक वर, म्हणजे निफ्टीही दीडशे अंक वर

गुजरातमधील गिफ्ट सिटीत चालणारा गिफ्ट निफ्टी हा फ्युचर्सचा करार आहे. जुलै २०२३ मध्ये त्याने सिंगापूरच्या एसजीएक्स निफ्टीची जागा घेतली. सकाळी साडेसहापासून त्याचे व्यवहार होत असल्याने प्री-ओपनच्या आधी तोच एक थेट संकेत हाताशी असतो. चूक होते ती तुलनेत. फ्युचर्सचा भाव मुदत संपेपर्यंतच्या व्याजाइतका रोख निर्देशांकाच्या वर असणे ही सामान्य गोष्ट आहे. काल निफ्टी २४,००० ला आणि त्याच महिन्याचा निफ्टी फ्युचर्स २४,०९० ला बंद झाला आणि आज सकाळी गिफ्ट निफ्टी २४,१५० ला आहे, असे समजा. रोख निफ्टीशी तुलना केली तर गॅप १५० अंकांची दिसते. खरी तुलना फ्युचर्सची फ्युचर्सशी, आणि ती ६० अंकांची आहे. महिन्याच्या सुरुवातीला, मुदत लांब असताना, ही चूक मोठी होते, आणि मुदत संपत आली की आपोआप लहान होते.

दोन संकेतांची जातही वेगळी आहे. गिफ्ट निफ्टीत एका कराराची सतत देवघेव चालते, तर प्री-ओपनमध्ये पन्नास वेगवेगळे लिलाव होतात. एकाच जड कंपनीचे निकाल रात्री आले असतील, तर तिचा नेमका परिणाम प्री-ओपनमध्ये अधिक स्वच्छ दिसतो. बातमी जगभराची असेल, तर गिफ्ट निफ्टीने ती आधीच मोजलेली असते आणि प्री-ओपन बहुधा तिला दुजोरा देते. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर आधी वर सांगितलेला फ्युचर्सचा फरक वजा करून पाहावा. तफावत बहुतेकदा तिथेच विरते. ८ डिसेंबर २०२५ पासून निर्देशांक आणि शेअर्सच्या चालू महिन्याच्या फ्युचर्सनाही प्री-ओपन सत्र आले आहे, त्यामुळे ही तुलना आता देशातल्या फ्युचर्सच्या सूचक भावाशीही थेट करता येते.

गैरसमज : गॅप कालच्या शेवटच्या सौद्यापासून मोजायची

आजवरच्या पद्धतीत शेअरचा बंद भाव म्हणजे साडेतीनला झालेला शेवटचा सौदा नव्हे, तर शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची संख्येनुसार काढलेली सरासरी. तीन वाजल्यानंतर शेअर झपाट्याने वर गेला असेल, तर शेवटचा सौदा ५०६ ला आणि बंद भाव ५०० असे होऊ शकते. दुसऱ्या दिवशी प्री-ओपनने ५०४ दाखवले, तर तक्ता ०.८ टक्क्यांची वाढ सांगेल. काल ५०६ ला घेतलेल्याला मात्र तो भाव पडलेला वाटेल. दोघेही बरोबर आहेत, फक्त मोजपट्टी वेगळी आहे.

कंपनीच्या निर्णयांमुळे ही मोजपट्टी अधिक फसवते. बोनस किंवा विभाजन झाले, तर शेअर बाजार कालचा भाव त्या प्रमाणात आधीच बदलून दाखवतो. नेहमीच्या लाभांशासाठी तसे करत नाही. ५०० च्या शेअरवर १२ रुपये लाभांश असेल आणि आज तो लाभांशाविना खरेदी-विक्रीला येत असेल, तर ४८८ चा सूचक भाव ही २.४ टक्क्यांची पडझड नाही. धारकाला ते १२ रुपये वेगळे मिळणारच आहेत.

याचे सर्वांत मोठे सार्वजनिक उदाहरण म्हणजे २० जुलै २०२३ चे रिलायन्स इंडस्ट्रीज. त्या दिवशी वित्तसेवांचा व्यवसाय वेगळा होत होता, म्हणून या शेअरसाठी तासाभराचे खास प्री-ओपन सत्र ठेवले होते. आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५ रुपये होता आणि एनएसईच्या लिलावात भाव ठरला २,५८० रुपये. नऊ टक्क्यांहून मोठी ही ‘गॅप-डाउन’ बाहेरून पाहणाऱ्याला धडकी भरवणारी होती. प्रत्यक्षात कोणाचे काही बुडाले नव्हते. मधले २६१.८५ रुपये हीच वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलची किंमत ठरली, आणि रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे त्या कंपनीचा एक शेअर धारकाला मिळणार होता. त्या दिवशी लिलावाचे काम अंदाज देण्याचे नव्हतेच. एका कंपनीतून दोन झाल्या, तेव्हा कोणाच्या वाट्याला किती किंमत येते, हे त्याने ठरवले.

गैरसमज : लिलावात ठरलेल्या भावाला ९.१५ ला शेअर मिळेल

लिलावात ठरलेला भाव हा त्या शेअरचा अधिकृत खुला भाव असतो, आणि निफ्टीचा खुला आकडाही अशाच भावांवरून निघतो. पण तो भाव लिलावातल्या सौद्यांना लागू असतो. ज्याने ९.०८ पूर्वी ऑर्डर टाकली नाही, त्याला ९.१५ नंतर समोर जो विकणारा असेल त्याच्या भावाने घ्यावे लागते. मधल्या सात मिनिटांत बातम्या थांबत नाहीत, फक्त नव्या ऑर्डरी थांबतात. न जुळलेल्या लिमिट ऑर्डरी आपापल्या भावासह नियमित सत्रात जातात. न जुळलेल्या मार्केट ऑर्डरी समतोल भावाच्या लिमिट ऑर्डरी बनून पुढे जातात. आपल्या उदाहरणात ५०२ ला उघडलेल्या शेअरमध्ये ३,००० शेअर्सची खरेदी ५०२ लाच उरते, तर सर्वांत स्वस्त विक्रेता ५०४ ला उभा असतो. म्हणजे ९.१५ ला घेणाऱ्याला पहिला शेअर ५०४ ला मिळण्याचा संभव अधिक. लहान कंपन्यांत ही दरी रुंद असते, आणि ‘पडद्यावर ५०२ होते, मला ५०४ ला का दिले’ अशा तक्रारी तिथूनच येतात. ज्या शेअरमध्ये लिलावात भावच ठरत नाही, त्याचा खुला भाव नियमित सत्रातल्या पहिल्या सौद्याने ठरतो. अशा शेअरच्या सूचक आकड्यांना काहीच किंमत नसते.

गैरसमज : गॅप दिवसाची दिशा सांगते

४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीचे निकाल होते. आदल्या दिवशी निफ्टी सुमारे २३,२६४ वर बंद झाला होता आणि त्या सकाळी सुमारे २३,१८० वर उघडला, म्हणजे अर्ध्या टक्क्यापेक्षाही लहान गॅप-डाउन. मतमोजणी पुढे सरकली तसा तो कोसळत गेला आणि दिवसअखेर सुमारे २१,८८५ वर बंद झाला, जवळजवळ सहा टक्के खाली. ७ एप्रिल २०२५ चे चित्र याच्या उलटे होते. अमेरिकेच्या नव्या आयात करांच्या धसक्याने निफ्टी २२,९०४ वरून थेट सुमारे २१,७५८ वर उघडला. ही पाच टक्क्यांची गॅप-डाउन होती. पण जवळपास तिथेच दिवसाचा तळ लागला आणि बंद झाला तो सुमारे २२,१६२ वर. ज्याने उघडण्याच्या घाबरगुंडीत विकले, त्याला दिवसातला जवळजवळ सर्वांत वाईट भाव मिळाला.

या दोन दिवसांत प्री-ओपनने चूक केली नव्हती. ९.०८ ला जितकी माहिती बाजाराकडे होती, तितकी भावात आली होती. पहिल्या दिवशी खरी माहिती, म्हणजे मतमोजणीचे कल, अजून यायची होती. दुसऱ्या दिवशी ती बाजार उघडण्याआधीच येऊन गेली होती. म्हणून सूचक भाव पाहताना आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा असतो : आजची मोठी घडामोड ९.०८ च्या आधी घडून गेली आहे, की नंतर घडणार आहे? घडून गेली असेल तर गॅप मोठी आणि अर्थपूर्ण असू शकते. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण दहा वाजता जाहीर होते किंवा अर्थसंकल्प अकराला मांडला जातो, अशा सकाळी प्री-ओपनमधली शांतता ही फक्त वाट पाहणाऱ्यांची शांतता असते.